विमान सुटतं आणि मी अजून घरातच : तुम्हालाही पडतात का अशी स्वप्नं?

निशिगंधा | सोमवार, दुपारी २.१०

मी कळव्यात राहते, स्टाफ नर्स आहे. पुढच्या महिन्याच्या मध्यावर जर्मनीला निघायचं आहे, स्टुटगार्टजवळच्या एका रुग्णालयात कामासाठी. भाषेची बी-टू परीक्षा झाली, व्हिसा आला, तिकीट हातात आहे. आजवर विमानात एकदाच बसले आहे, मुंबई ते कोची.

गेले दोन महिने आठवड्यातून तीन-चार वेळा विमान चुकल्याचं स्वप्न पडतंय. दरवेळी थोडं वेगळं असतं. पासपोर्ट लोखंडी कपाटात राहिलेला असतो आणि किल्ली सापडत नाही. किंवा मी बॅग घेऊन दारात उभी असते आणि आई म्हणते, "चहा टाकलाय, घेऊन जा," आणि तो चहा उकळतच नाही. काउंटर बंद व्हायला किती मिनिटं राहिली ते मला स्वप्नात नेमकं माहीत असतं. मग छातीत धडधड होऊन जाग येते.

दोनदा विमान पडल्याचंही स्वप्न पडलं. २०२५ च्या १२ जूनला अहमदाबादला जे झालं, त्यानंतर सुरू झालं ते.

प्रश्न असा आहे की, हे मन मला "जाऊ नकोस" म्हणून सांगतंय का? आणि काही असो, ही स्वप्नं थांबवायचा मार्ग आहे का? ड्यूटीवर झोप पुरत नाही, आणि मिळते ती अशी जाते.

---

घोडबंदरकर | सोमवार, दुपारी २.४५

ताई, काळजीच करू नका. कळव्याहून टी-टूला जायला दोन रस्ते आहेत. कळवा पूल ओलांडून ठाण्यातून ईस्टर्न एक्सप्रेसला लागा आणि जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने वर जा. नाहीतर विटाव्यावरून ऐरोली पूल धरून मुलुंडला निघा. संध्याकाळचं विमान असेल तर पहाटेपेक्षा जास्त वेळ हातात ठेवा. पासपोर्ट आदल्या दिवशीच हॅण्डबॅगेत टाका. गाडी हवी असेल तर मी स्वतः सोडायला येईन, कासारवडवलीला असतो.

---

निशिगंधा | सोमवार, दुपारी ३.०५

दादा, मनापासून आभार, रस्ता लिहून ठेवते. पण मी खऱ्या विमानाबद्दल नाही, स्वप्नातल्या विमानाबद्दल विचारत होते.

---

घोडबंदरकर | सोमवार, दुपारी ३.०८

अरेच्चा, घाईत वाचलं. गाडीचं मात्र खरं आहे हो.

---

सुमतीकाकू | सोमवार, संध्याकाळी ६.२०

निशिगंधा, आमच्याकडे म्हणत, पहाटेचं स्वप्न खरं होतं. माझ्या सासूबाईंना त्यांचे भाऊ गेले त्या दिवशी पहाटे गाडी चुकल्याचं स्वप्न पडलं होतं. तुझी स्वप्नं कुठल्या वेळेची ते बघ. घाबरवायला नाही सांगत, पण निघताना आईला दही-साखर हातावर द्यायला सांग आणि गणपतीला नारळ ठेव. मनाला धीर येतो, एवढं तरी खरंच.

---

पक्या_वाशी | सोमवार, संध्याकाळी ७.००

यावर फ्रॉइडने शंभर वर्षांपूर्वीच लिहून ठेवलंय. गाडी चुकणं म्हणजे मरणाची भीती. कॉलेजात मानसशास्त्र होतं मला. म्हणजे विमान चुकणं आणि विमान पडणं ही दोन्ही एकच स्वप्नं आहेत.

---

रेवती_के | सोमवार, रात्री ९.४०

पक्या, अर्धं बरोबर आहे. फ्रॉइडने गाडी चुकण्याच्या स्वप्नाला मरणाच्या भीतीशी जोडलं हे खरं, पण त्याचं म्हणणं उलट्या बाजूने होतं. तो त्याला दिलासा देणारं स्वप्न म्हणतो: तुझी गाडी चुकली, म्हणजे तू जाणार नाहीस, निश्चिंत राहा. जाण्याचं भय असलेल्याला मन ठेवून घेतं, असा त्याचा अर्थ. हे सिद्ध झालेलं काही नाही. पण निशिगंधाच्या चहाच्या स्वप्नाला ते विचित्र लागू पडतं.

मी ठाण्यात मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते, झोपेच्या तक्रारी घेऊन बरेच लोक येतात. निशिगंधा, अर्थाच्या मागे लागण्याआधी मला तीन गोष्टी सांगशील का? ही स्वप्नं रात्रपाळी करून आल्यावर दिवसा झोपतेस तेव्हा जास्त पडतात की सुटीच्या रात्री? जाग कशाने येते, भीतीने की बाहेरच्या आवाजाने? आणि स्वप्नात तू नेमकी कुठे अडकतेस: घरात, रस्त्यात की विमानतळावर? जमलं तर दोन आठवडे उशाशी वही ठेव. जाग आल्यावर चार ओळी आणि वेळ, बस.

सुमतीकाकू, पहाटेच्या बाबतीत तुमच्या घरचं निरीक्षण चुकीचं नाही. ज्या झोपेत ठसठशीत स्वप्नं पडतात ती झोप रात्रभर साधारण दीड-दीड तासाने येते. पहिल्या फेरीला ती काही मिनिटांचीच असते आणि पहाटेकडे लांबत जाते. शिवाय त्या झोपेतून थेट जाग आली तर स्वप्न जास्त लक्षात राहतं. म्हणून पहाटेची स्वप्नं जास्त असतात, लांब असतात आणि आठवतात. इतकी आठवत असली की त्यातलं एखादं कधीतरी खऱ्याशी जुळतंच, आणि नेमकं तेच घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं.

---

सुमतीकाकू | सोमवार, रात्री १०.०५

तुझं म्हणणं पटण्यासारखं आहे गं. पण सासूबाईंचा चेहरा मी त्या सकाळी पाहिला होता. ते कसं विसरू?

---

मंदार_ऐरोली | मंगळवार, सकाळी ८.१५

माझा अनुभव लिहितो, कुणाला तरी उपयोग होईल. दीड वर्षापूर्वी मला रोज लिफ्ट तुटून खाली जाण्याची स्वप्नं पडू लागली. त्याच वेळी नोकरी बदलत होतो, त्यामुळे सगळ्यांनी ताण-ताण म्हणून सांगितलं. शेवटी बायकोने औषधांच्या पिशवीकडे बोट दाखवलं. सर्दीच्या अ‍ॅलर्जीसाठी रात्री एक गोळी चालू केली होती, मॉन्टेलुकास्ट असलेली. डॉक्टरांना विचारलं तेव्हा कळलं की या औषधाने काहींना भयानक स्वप्नं पडतात आणि अमेरिकेत २०२० पासून त्यावर मनावरच्या परिणामांचा मोठा इशारा छापावा लागतो. त्यांनी औषध बदललं, दहा दिवसांत लिफ्ट बंद.

स्वतःहून गोळी सोडू नका, दम्यासाठी घेणाऱ्यांना ती गरजेची असते. पण स्वप्नं सुरू झाली त्या आठवड्यात कुठलं औषध सुरू झालं, एवढं मागे जाऊन बघा.

---

रेवती_के | मंगळवार, सकाळी ९.३०

मंदार, बरं झालं लिहिलंस. रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि नैराश्याची काही औषधं यांनीही असं होतं. रोज दारू घेणाऱ्याने ती एकदम थांबवली की दाबून राहिलेली स्वप्नांची झोप उसळी मारते. ताण हे उत्तर फार पटकन दिलं जातं.

---

निशिगंधा | मंगळवार, दुपारी १.५०

औषध काही चालू नाही, मी तपासलं. वही आजपासून सुरू.

---

डाउन_स्लो | मंगळवार, रात्री ८.३०

मी लोकलचा मोटरमन होतो, २०१९ ला निवृत्त झालो. नोकरीत एकदाही लाल सिग्नल ओलांडला नाही. आणि निवृत्तीनंतर मात्र स्वप्नात रोज ओलांडतो. मुंब्र्याच्या अलीकडे सिग्नल लाल असतो, मी ब्रेक लावतो आणि गाडी थांबत नाही. नोकरीवर असताना असलं काही पडायचं नाही. आता घरी बसलो तर पडतं. त्यामुळे निशिगंधा, तू एकटी नाहीस पोरी. आयुष्याची गाडी रूळ बदलते तेव्हा डबा हलतोच.

मंडळी सांगतात की मी झोपेत हातही चालवतो. एकदा भिंतीवर आपटला, चांगला सुजला होता.

---

उलवेकर | मंगळवार, रात्री ११.१५

विमानाचा धागा बघून थांबलो. आमचं गाव नवी मुंबईच्या विमानतळात गेलं. दहा गावं उठली, त्यातलं एक आमचं. २०१८ ला घर मोडलं, आम्ही पुष्पक नगरला आलो. उलव्याचा डोंगर कापला, नदीचा प्रवाह वळवला, ते सगळं डोळ्यांनी बघितलं. तेव्हा स्वप्न नव्हतं पडत. २०२५ च्या २५ डिसेंबरला तिथून पहिली विमानं उडाली, आणि त्या आठवड्यापासून सुरू झालं.

मी जुन्या घराच्या ओट्यावर बसलेलो असतो. मागच्या वाडीत विमान उतरतं, आवाज न करता. माणसं बॅगा घेऊन खाली येतात, माझ्या ओट्यावरून जातात आणि मला विचारतात, गेट कुठल्या बाजूला. मी त्यांना माजघरातून वाट दाखवतो. कधी कधी विमान घराला घासतं आणि आढं पडतं, तेव्हा जाग येते.

आमची बाय म्हणते, हे वाईट स्वप्न आहे, कुणाला तरी दाखव. मला कळत नाही वाईट आहे की नाही.

---

स्वरदा_कोपरी | बुधवार, सकाळी ७.४०

उलवेकर, तुमचं वाचून सकाळी गाडीत डोळे भरून आले.

निशिगंधा, मी वेगळं सांगते. माझ्या जावेची बहीण अशाच स्वप्नांकडे दुर्लक्ष करून परदेशी गेली आणि आठ महिन्यांत परत आली. आतला आवाज ऐकावा. स्वप्न थांबवण्याच्या युक्त्या करण्यापेक्षा ते काय म्हणतंय ते ऐक.

---

रेवती_के | बुधवार, रात्री १०.००

आज तीन उत्तरं देते, कारण तिन्ही वेगळी आहेत.

स्वरदा, "ऐक" इथवर मी तुझ्याबरोबर आहे. "जाऊ नकोस असं म्हणतंय" इथे नाही. पॅरिसच्या सोर्बॉनमध्ये वैद्यकीय प्रवेशाच्या अतिशय कठीण परीक्षेला बसलेल्या सातशेहून अधिक विद्यार्थ्यांना त्यांच्या स्वप्नांबद्दल विचारलं होतं, २०१४ साली ते छापून आलं. आदल्या रात्री परीक्षेचं स्वप्न पडलेले निम्म्याहून जास्त होते आणि त्यातली बहुतेक स्वप्नं वाईट होती: उशीर झाला, उत्तर आठवेना. आणि ज्यांना त्या सत्रात परीक्षेची स्वप्नं जास्त पडली, त्यांना गुण थोडे जास्त मिळाले. स्वप्नाने गुण वाढवले असं यातून म्हणता येत नाही. ज्याचा जीव त्या परीक्षेत जास्त गुंतला होता तोच जास्त अभ्यास करत असेल आणि त्यालाच स्वप्नं पडत असतील. पण उशीर झाल्याचं स्वप्न हा अपयशाचा निरोप नाही, एवढं त्यातून नक्की कळतं. तुझ्या नात्यातली मुलगी परत आली त्यामागे तिथलं काम असेल, हवा असेल, एकटेपणा असेल. स्वप्न पडूनही गेलेल्या आणि तिथे रमलेल्या माणसांची गोष्ट कुणी सांगत नाही.

उलवेकर, तुम्हाला प्रश्न विचारते. जाग आल्यावर पुन्हा झोपायची भीती वाटते का? दिवस त्यात जातो का?

डाउन_स्लो काका, तुमचं मला सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. सिग्नलच्या स्वप्नाची काळजी नाही, पण हाताची आहे. स्वप्नांच्या झोपेत शरीर आपोआप सैल पडतं, म्हणून आपण स्वप्नात धावलो तरी अंथरुणातच असतो. तो सैलपणा येईनासा झाला की माणूस स्वप्न अंगाने करू लागतो, आणि हे बहुतेक उतारवयातल्या पुरुषांमध्ये दिसतं. काहींमध्ये पुढे कंपवातासारखे आजार निघतात, म्हणून मेंदूविकारतज्ज्ञांना लवकर दाखवणं बरं. घोरताना श्वास अडकण्यानेही असं दिसू शकतं, ते झोपेच्या तपासणीत कळतं. तोवर पलंगाजवळचा काचेचा पेला आणि टोकदार स्टूल हलवा.

---

डाउन_स्लो | गुरुवार, सकाळी ६.५०

अगं, हाताला तीस वर्षांची सवय आहे. हॅण्डल दाबून धरायचं असतं, सोडलं की गाडी थांबते. तेच करत असणार हात.

---

रेवती_के | गुरुवार, सकाळी ९.१०

काका, जागेपणी ती सवय भिंतीवर हात आपटत नाही. एकदा दाखवून या.

---

उलवेकर | गुरुवार, रात्री ११.४०

झोपायची भीती नाही वाटत. उलट कधी कधी लवकर झोपतो. ताई, तुम्ही स्वप्न बदलायचं काहीतरी सांगणार असाल तर मला नको. त्यात माझं घर दिसतं. ओट्याची फरशी जिथे उखडली होती तीसुद्धा दिसते. फोटोत ती नाहीये.

---

रेवती_के | शुक्रवार, सकाळी ८.००

मग राहू द्या. ज्याला हरवायचं नाही त्या स्वप्नावर उपाय कशाला?

---

पक्या_वाशी | शुक्रवार, सकाळी ८.३०

उलवेकर दादा, जमलं तर ती फरशी, माजघर, वाडी कागदावर काढून ठेवा. मी आर्किटेक्टकडे ड्राफ्टिंग करतो, नीट प्लॅन काढून देईन. पैसे-बिसे काही नाही.

---

निशिगंधा | पंधरा दिवसांनी, रविवार, दुपारी ४.००

वही घेऊन बसले आहे. नऊ स्वप्नं. त्यातली सहा रात्रपाळी करून आल्यावर दिवसा पडली, सकाळी दहा ते एकच्या मध्ये. त्यातल्या चार वेळा जाग कुठल्या ना कुठल्या आवाजाने आली. दोनदा शेजारचा कुकर होता, आणि स्वप्नात ती शिट्टी म्हणजे शेवटची घोषणा होती!

विमान पडल्याचं एकच. त्या दिवशी झोपण्याआधी बसमध्ये अपघाताच्या रील्स एकामागून एक बघितल्या होत्या.

आणि अडकते कुठे? हे बघून मलाच आश्चर्य वाटलं. नऊपैकी आठ वेळा घरात. रस्त्यात एकदाही नाही, विमानतळावर एकदा. कपाट, किल्ली, चहा, लिफ्ट बंद, आईचा चष्मा सापडत नाही. चष्मा तीन वेळा आहे. मी चष्मा शोधत राहते आणि विमान सुटतं.

---

रेवती_के | रविवार, रात्री ९.२०

किती नीट लिहिलंस! दिवसाच्या झोपेचं आधी. स्वप्नांची झोप शरीराच्या घड्याळावर चालते आणि पहाटे ते सकाळ हा तिचा जोराचा वेळ. तू तेव्हा ड्यूटीवर जागी असतेस, मग सकाळी पडल्या पडल्या ती लवकर आणि भरपूर येते. त्यात कळव्याची भरदुपार, गाड्या, कुकर. दर थोड्या वेळाने स्वप्नाच्या मधोमध जाग. म्हणजे तुला स्वप्नं जास्त पडतात त्यापेक्षा तू ती जास्त वेळा अर्ध्यावर पकडतेस. कानात बोळे आणि जाड पडदा एवढ्यानेच मोजणी कमी होईल.

विमान पडण्याचं स्वप्न मी वेगळं धरते. २००१ च्या न्यूयॉर्कच्या हल्ल्याच्या वेळी अमेरिकेत काही विद्यार्थी आधीपासूनच स्वप्नांची वही ठेवत होते. त्या दिवशी ज्यांनी टीव्हीवर ती दृश्यं जास्त वेळ पाहिली, त्यांच्या स्वप्नांत ती जास्त आली. तुझ्या वहीतही तेच दिसतंय. झोपेआधी रील्स बंद, एवढाच त्यावर उपाय, त्यात खोल काही शोधू नकोस.

आता चष्मा. मी याचा अर्थ सांगणार नाही, मला तो माहीत नाही. तूच सांग, जागेपणी आईच्या चष्म्याचं काय चाललंय?

---

निशिगंधा | सोमवार, पहाटे ३.३०

ड्यूटीवरून लिहिते आहे, वॉर्ड शांत आहे.

आईला चौदा वर्षं मधुमेह आहे. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम झालाय, सिरिंजवरच्या रेघा तिला चष्मा लावूनही दिसत नाहीत. दोन्ही वेळचं मी भरते, ड्यूटी असली तर भरून फ्रीजमध्ये ठेवून जाते. मी गेल्यावर कोण भरणार, हे घरात अजून कुणी बोललेलंच नाही. भाऊ ऐरोलीला राहतो. विचारलं की "बघू" म्हणतो. आई म्हणते, "मी करीन गं, तू जा." ती करू शकत नाही हे तिलाही माहीत आहे, मलाही. एक रेघ चुकली तर काय होतं ते मी वॉर्डात रोज बघते.

तिकीट काढलं, बॅगेचं वजन केलं, तिथल्या थंडीचा कोट घेतला. हे मात्र राहिलं.

---

सुमतीकाकू | सोमवार, सकाळी ७.००

बाई गं.

---

रेवती_के | सोमवार, सकाळी १०.१५

मग क्रम असा ठेव. स्वप्न नंतर, इन्सुलिन आधी. हे खरं काम आहे आणि ते झालं नाही तर मी सांगते तो सराव म्हणजे गळक्या छताखाली फरशी पुसणं होईल. भावाशी "आईकडे लक्ष दे" असं बोलू नकोस. किती युनिट, किती वाजता, कोणत्या वारी कोण, असं कागदावर घेऊन बस.

ते झाल्यावर सराव. दुःस्वप्नांसाठी ही पद्धत वापरतात आणि ती बरीच तपासली गेली आहे, २००१ साली अत्याचार सोसलेल्या स्त्रियांवर तिचा मोठा अभ्यास झाला. तुझी स्वप्नं तितकी गंभीर नाहीत, म्हणून घरी करून बघायला हरकत नाही. एक स्वप्न निवड, सगळ्यात भयंकर घेऊ नकोस. ते लिही. मग ते तुला हवं तसं बदलून पुन्हा लिही. शेवटच बदलायला हवा असं नाही, कुठेही बदल. विमान मिळालंच पाहिजे असंही नाही. मग रोज दिवसा, जागेपणी, दहा-पंधरा मिनिटं डोळे मिटून फक्त नवीन गोष्ट बघ: रंग, आवाज, हातात काय आहे. जुनी पुन्हा उगाळायची नाही. दोन-तीन आठवडे द्यावे लागतात. पहिल्या दिवसांत स्वप्नं विचित्र होतात, त्याने घाबरू नकोस.

कुणाचं स्वप्न म्हणजे खऱ्या प्रसंगाचीच पुनरावृत्ती असेल, अपघात, मारहाण, तर हे एकट्याने करू नका, तज्ज्ञासोबत करा. झोपायचीच भीती वाटू लागली असेल तरीही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा नंबर मराठीतही चालतो.

---

स्वरदा_कोपरी | सोमवार, दुपारी १२.३०

म्हणजे स्वप्न काहीतरी सांगतच होतं ना शेवटी?

---

रेवती_के | सोमवार, रात्री ९.००

स्वरदा, ही गोष्ट तिला आधीच माहीत होती. दिवसा ती तिच्याकडे बघत नव्हती, म्हणून रात्री तीच समोर येत होती, असं मी म्हणेन. तू त्याला सांगणं म्हणशील. यावर आपलं एकमत होणार नाही, आणि निशिगंधाला त्याने फरक पडत नाही.

---

डाउन_स्लो | मंगळवार, संध्याकाळी ५.००

पुढच्या बुधवारची वेळ घेतली आहे मेंदूवाल्या डॉक्टरांची. मंडळींनी स्टूल हलवलं.

---

निशिगंधा | बारा दिवसांनी, रविवार, सकाळी ११.००

गुरुवारी रात्री निघायचं आहे.

भाऊ आला. आधी भांडलो, खरं सांगते. त्याला वाटत होतं, मी त्याला दोष देते आहे. मग मी सिरिंज आणि पाण्याची बाटली पुढे ठेवली आणि म्हटलं, भरून दाखव. पहिल्या वेळी अर्धी हवा. चौथ्या वेळी बरोबर. त्याने स्वतःच विचारलं, "तू हे रोज किती वर्षं करतेस?" तो सहा महिने कळव्याला राहायला येतोय. त्याची रात्रपाळी असेल तेव्हाच्या संध्याकाळच्या डोसचं अजून ठरलेलं नाही. आईच्या डॉक्टरांना वेळा बदलता येतील का ते विचारलंय, मंगळवारी कळेल.

सरावात मी चहाचं स्वप्न घेतलं. नव्या गोष्टीत चहा उकळतो, मी बसून पिते, कपबशी विसळून ठेवते आणि मग निघते. विमानाचं काहीच लिहिलं नाही. पहिल्या तीन दिवसांत उलट जास्त पडली, एकदा तर सगळा वॉर्डच माझ्याबरोबर विमानतळावर आला होता. पण या आठवड्यात एकच. त्यात मी उशिरा पोहोचले, काउंटर बंद झालं होतं, तिथली बाई म्हणाली साठ मिनिटं आधी बंद होतं, आणि मी "बरं" म्हणून बाकावर बसले. जाग गजराने आली. धडधड नव्हती.

ते विमान मात्र चुकलंच. ते का, मला माहीत नाही.

आणि एक विचारायचं होतं रेवतीताई. काल सकाळी आई म्हणाली, तिला स्वप्न पडलं. मी परत आले आहे, दार वाजवते आहे, आणि तिला कडी सापडत नाही. तीही हा सराव करू शकते का?

---

रेवती_के | रविवार, दुपारी १२.२०

करू शकते. पण आधी तिच्याजवळ बस आणि तिला पूर्ण सांगू दे. कडी कुठल्या दाराची होती, हे विचार.

---

घोडबंदरकर | रविवार, दुपारी १२.४०

गुरुवारी किती वाजता निघायचं ते कळवा. गाडी धुऊन ठेवली आहे.

---

सुमतीकाकू | रविवार, दुपारी १.३०

निशिगंधा, मी खारेगावला राहते, तुमच्यापासून रिक्षाने दहा मिनिटं. माझ्या यजमानांना अकरा वर्षं मी स्वतः इन्सुलिन भरून दिलं, मोतीबिंदू काढल्यापासून रेघा मला स्पष्ट दिसतात. भावाच्या रात्रपाळीच्या दिवशी संध्याकाळी मी जाऊन येईन. आधी एकदा तुझ्यासमोर भरून दाखवते, तुझी खात्री होऊ दे. आईचा नंबर मला निरोपात पाठव.

---

निशिगंधा | रविवार, दुपारी १.४५

काकू, पाठवला. आज संध्याकाळी साडेसातला याल का? तीच तिची वेळ आहे.